आजोबांच्या नावाला अर्जात जागा नाही

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात, दुपारी एखाद्या गावातून फेरी मारली तर ओट्यांवर म्हातारी माणसे दिसतात आणि शाळा सुटली की मुले. मधली पिढी सणासुदीला भेटते. एरवी ती वाशीच्या बाजार समितीत, कोपरखैरणे-घणसोलीच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात नाहीतर पुण्याकडच्या कारखान्यांत असते. हे आजचे नाही. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसे मुंबईत पाठीवर ओझी वाहत होती. त्या काळी बायका-मुले गावीच राहत. आता पुष्कळदा नवराबायको दोघेही मुंबईत राबतात आणि मूल आजी-आजोबांपाशी राहते.

असाच एक आठवीतला मुलगा या लेखात आहे. तो एका घरातला नाही. खोऱ्यातल्या अनेक घरांत जे घडते ते एका मुलाच्या वर्षात गुंफले आहे, म्हणून त्याला नाव दिलेले नाही. वडील वाशीत एका ठेकेदाराकडे गोदामात मालाची चढ-उतार करतात, आई पॅकिंगच्या कामाला जाते. धाकटी बहीण त्यांच्याजवळ असते. हा गावच्या अनुदानित हायस्कुलात शिकतो, आणि त्याच्या वर्गशिक्षकांनी जूनमध्येच सांगून टाकले आहे की यंदा एनएमएमएसला बसायचे.

एनएमएमएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. ती २००८ साली सुरू झाली. सुरुवातीला वर्षाला ६,००० रुपये मिळत, २०१७ पासून १२,००० मिळतात, आणि तेही नववी ते बारावी अशी चार वर्षे. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांना ती द्यायची, असा हिशेब आहे. त्यातला महाराष्ट्राचा वाटा ११,६८२. आपल्याकडे परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, बहुधा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी. गावाकडे ‘स्कॉलरशिप’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मात्र राज्याची जुनी शिष्यवृत्ती परीक्षा. ती वेगळी. तिला उत्पन्नाची अट नसते आणि तिचे पेपरही वेगळे असतात. आठवीतली पुष्कळ मुले पूर्वी दोन्हींना बसत आणि घरच्यांना दोन्ही एकच वाटत. इथून पुढे जे आहे ते एनएमएमएसचे आहे.

पहिली गाठ शाळेच्या प्रकारापाशी बसते. ही शिष्यवृत्ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय यांतली मुले बसू शकत नाहीत. म्हणजे मागच्या वर्षी वडिलांनी याला मुंबईला नेऊन कुठल्याशा विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. वडिलांच्या मनात तसे होतेही. खोली लहान पडते म्हणून राहिले, आणि त्या लहान खोलीमुळेच तो आज पात्र आहे. शिवाय सातवीला किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. याला ६८ आहेत.

दुसरी गाठ उत्पन्नाच्या दाखल्याची, आणि खोऱ्यातली बरीच घरे इथेच अडखळतात. आईवडिलांचे सगळ्या मार्गांनी मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. कायम नोकरीतल्या माणसाला दाखला कचेरीतून मिळतो. ठेकेदाराकडे हजेरीवर काम करणाऱ्याला पगारपत्रक कुठले? त्याला तहसीलदारांचा दाखला लागतो. रेशनकार्ड आणि सारी कागदपत्रे गावची, म्हणून दाखलाही गावच्याच तहसिलीतून.

शाळेने दाखला मागितल्यावर आबा सेतू केंद्रात गेले. सातबारा त्यांच्या नावावर, रेशनकार्डावर पहिले नाव आजीचे, गावातल्या तलाठ्यांना ते तोंडओळखीने माहीत. सगळे सुरळीत झाले आणि काही दिवसांनी दाखला हातात आला. शाळेत नेल्यावर क्लार्कने तो वाचला आणि परत दिला.

“आबा, हा तुमच्या उत्पन्नाचा आहे.”

“मग? पोरगं माझ्याकडंच हाय की.”

आबांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुलाला सांभाळतात ते, खाऊ घालतात ते, शाळेच्या सभेला जातात ते. पण आईवडील हयात असताना अर्जाच्या दृष्टीने पालक म्हणजे आईवडील, आणि उत्पन्न पाहायचे ते त्यांचे. आजोबांच्या नावाला त्यात जागा नाही. म्हणून दाखला हातात पडल्याबरोबर त्यातली एकच ओळ वाचावी: उत्पन्न कोणाचे म्हणून लिहिले आहे? तिथे वडिलांचे नाव नसेल तर तो कागद या कामाचा नाही, मग त्यावर शिक्का कितीही ठसठशीत असो.

नव्या दाखल्यासाठी अर्जदार वडील हवेत. त्यांचे आधार, त्यांचा फोटो, स्वयंघोषणापत्रावर त्यांची सही, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. वडील गणपतीला आले तेव्हा हे झाले. नियमाने दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि परीक्षेचे अर्ज शाळा साधारण पावसाळ्याच्या शेवटापासून ऑनलाइन भरतात. गणपती चुकले असते तर पुढचा योग दिवाळीचा, आणि तोवर अर्जाची मुदत बहुधा टळून गेली असती. मुंबईकराच्या वर्षात गावी यायचे ठरलेले दिवस दोन-तीनच असतात. शाळेतल्या अनुभवी शिक्षकांना ते ठाऊक असते, म्हणून ते जूनपासून दाखल्याचा लकडा लावतात.

अभ्यासाचे काय? त्याबाबत आजी-आजोबांपाशी राहणारा मुलगा मागे पडतो, असे सरसकट म्हटले जाते. ते पटत नाही. परीक्षेचे दोन पेपर असतात. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, शिक्षकांच्या तोंडी ‘मॅट’. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, म्हणजे ‘सॅट’. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटे, एका प्रश्नाला एक गुण. मॅटला पाठ्यपुस्तक नाही. अंकमालिका, गटात न बसणारे पद, सांकेतिक भाषा, आकृत्या, आरशातली प्रतिमा, दिनदर्शिका, घड्याळ असले प्रश्न येतात. या प्रश्नांना वरच्या वर्गाचे शिक्षण लागत नाही, रोज थोडा वेळ शेजारी बसणारे माणूस लागते, आणि ते या घरात दोन आहेत.

दिनदर्शिकेचे एक उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०२३ रोजी मंगळवार होता, तर २६ जानेवारी २०२४ रोजी कोणता वार? मुलगा एकेक महिना वहीत मांडून बेरीज करत बसायचा: ऑगस्टचे उरलेले १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे २६. एकूण १६४. त्याला ७ ने भागायचे, बाकी ३, म्हणून शुक्रवार. उत्तर बरोबर, पण दोन मिनिटे गेली. आबांना भागाकार जमत नाही, तरी आठवड्याच्या बाजाराचा हिशेब ते आयुष्यभर करत आले आहेत.

“चार आठवडं म्हंजी अठ्ठावीस. ती सोडून दे. वर किती उरलं तेवढं सांग,” ते म्हणाले.

तीस दिवसांचा महिना वार दोनने पुढे नेतो, एकतिसांचा तीनने. मग ऑगस्टच्या १६ तून दोन आठवडे काढले की २, पुढे २, ३, २, ३, आणि जानेवारीच्या २६ तून तीन आठवडे काढले की ५. बेरीज १७. त्यातले १४ टाकले की ३. मंगळवारपासून तीन दिवस पुढे शुक्रवार. कागदाला हात न लावता वीस सेकंदांत. शिकवणीच्या पुस्तकांतही हीच रीत ‘जादा दिवस’ म्हणून दिलेली असते.

आरशातल्या घड्याळाचे प्रकरण आजीने सोडवले. आरशात चार वाजून वीस मिनिटे दिसत असतील तर खरी वेळ कोणती? पोराने सूत्र पाठ केले होते, ११ वाजून ६० मिनिटांतून दिसणारी वेळ वजा करायची, पण ते का, हे कळत नव्हते. त्यामुळे दर तिसऱ्या वेळी तो वजाबाकी ११ तून करायची की १२ तून, यातच अडकायचा. आजीने भिंतीवरचे गोल घड्याळ उतरवले, मागच्या चकतीने काटे सात चाळीसवर फिरवले आणि समोर हातातला आरसा धरला. आरशात चार वीस. दोन वेळांची बेरीज बारा तास. मग पाच दहा, नऊ पस्तीस असे काटे फिरवून तो स्वतःच आरशात पाहू लागला. बेरीज दर वेळी बाराच आली. त्यानंतर सूत्र चुकले नाही, कारण ११ वाजून ६० मिनिटे म्हणजे बाराच, हे त्याने पाहिले होते. पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी परात आली. आरशात डावे-उजवे बदलते, पाण्यात वर-खाली. हा फरक पुस्तकातल्या चित्रात गोंधळात टाकतो, परातीत नाही.

सॅटमध्ये मात्र घरच्यांचा उपयोग कमी. त्यात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात. मुलांचा आणि पालकांचा सारा जीव गणितावर, कारण ‘अवघड तेच महत्त्वाचे’ ही समजूत. इथे इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राला गणितापेक्षा जास्त गुण आहेत. दुसरी मेख म्हणजे अभ्यासक्रम सातवी आणि आठवी असा दोन्ही इयत्तांचा. सातवीच्या इतिहासात मध्ययुग आहे, आठवीच्या इतिहासात आधुनिक भारत. याची सातवीची पुस्तके उन्हाळ्यातच रद्दीत गेली होती. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात, पण घरात फोन आबांचा, बटणांचा. वडिलांनी वाशीत उतरवून घेतली, छापून आणली आणि गणपतीच्या सामानाबरोबर दिली. शिक्षकांनी सांगितलेली युक्ती साधी होती. सातवीच्या प्रत्येक धड्याखालचा स्वाध्याय आधी सोडवायचा, अडेल तेवढाच धडा वाचायचा. एवढ्याने निम्मा वेळ वाचतो.

पावसाळ्यात खोऱ्यात वीज रात्र-रात्र नसते. पुढे भात कापणीला येते, आणि दिवाळीच्या आगेमागे या घरात माणसे कमी व काम जास्त असते. त्या पंधरवड्यात अभ्यास जवळजवळ थांबला. तो थांबणार हे धरूनच वेळापत्रक करायला हवे. शहरी मार्गदर्शिकांतले ‘रोज तीन तास’ इथे चालत नाही. कापणी उरकल्यावरच्या चार-पाच आठवड्यांत दर रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, एवढेच ठरले.

पहिल्या रविवारी आजीने “झाली येळ” म्हणून वही ओढली तेव्हा ९० पैकी ६७ प्रश्न झाले होते. सोडवलेल्यांतले चुकले थोडेच, अंगाशी आले ते न पोचलेले २३. सरांनी त्याची वही पाहून कारण सांगितले: एका आकृतीवर तो चार मिनिटे बसला होता. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून पहिल्या फेरीत पाहताक्षणी जमणारे सोडवायचे, दुसऱ्या फेरीत रेंगाळणारे, आणि शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्यांची वर्तुळे अंदाजाने भरायची. कोरे वर्तुळ ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

प्रश्न सोडून पुढे जाण्यात एक धोकाही असतो. उत्तरपत्रिकेवर एक ओळ सरकते. ३१ वा प्रश्न सोडला आणि ३२ व्याचे उत्तर ३१ पुढे रंगवले की पुढची सगळी उत्तरे एकेक ओळीने चुकत जातात. पेनने भरलेले वर्तुळ खोडता येत नाही. यावर उपाय असा की दर दहाव्या प्रश्नाला प्रश्नाचा आणि वर्तुळाचा क्रमांक जुळतो का ते बोट ठेवून पाहायचे. घरच्या सरावाला सर छापील उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स देतात त्या याचसाठी. वहीत ‘अ, ब, क’ लिहून सराव करणाऱ्या मुलाला परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच गोल भरावे लागतात, आणि तिथे दहा मिनिटे जातात.

परीक्षेच्या दिवशी आबा एसटीने सोबत गेले. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत झाडाखाली भाकरी खाल्ली. वडिलांचा फोन आला, तेव्हा मॅट कसा गेला हे पोराने सांगितले नाही, सॅट व्हायचा होता म्हणून.

निकालात तो उत्तीर्ण झाला. आता इथे आनंद आवरावा लागतो. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२ टक्के. पण शिष्यवृत्ती मिळते ती निवडयादीत नाव आले तर. प्रत्येक जिल्ह्याचा कोटा ठरलेला असतो, त्यात प्रवर्गानुसार जागा असतात, आणि गुणवत्तेप्रमाणे त्या भरतात. त्यामुळे जिथे चुरस जास्त तिथे १०० गुणांचा मुलगाही उत्तीर्ण आणि निवड नाही, अशा अवस्थेत राहू शकतो. ढोल-ताशे वाजवून झाल्यावर हे कळलेली घरे कमी नाहीत. उत्तीर्ण होऊन निवड न झालेल्या मराठा आणि कुणबी समाजांतल्या मुलांसाठी राज्याची ‘सारथी’ संस्था वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती देते, तीही नववी ते बारावी. मुख्य यादीत नाव नाही म्हणून घरी बसलेल्या पालकांनी शाळेत जाऊन ती विचारावी. आपोआप ती मिळत नाही.

याचे नाव मुख्य यादीत आले. घरच्यांना वाटले, काम फत्ते झाले. खरे तर आईवडील परगावी असलेल्या मुलांचे पैसे सर्वांत जास्त अडकतात ते यापुढे.

नववीत गेल्यावर मुलाने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतः नोंदणी करून अर्ज भरायचा असतो. तो भरला नाही तर निवड होऊनही रक्कम येत नाही. नोंदणीला मोबाइल लागतो, त्यावर ओटीपी येतात. घरात वडिलांचा नंबर दिला जातो. सायबर कॅफेत मुलगा आणि आबा बसलेले, ओटीपी गेला वाशीला, वडील मालाखाली वाकलेले, फोन खिशात. दहा मिनिटांत ओटीपी बाद. याला दोनदा परत यावे लागले. अशा घरांनी नंबर वडिलांचाच ठेवावा, पण अर्ज भरायची वेळ वडिलांच्या सुट्टीच्या दिवसाची धरावी. जो नंबर वर्षभरात बंद पडेल असे वाटते, तो मुळीच देऊ नये.

नाव आधारवर असेल तसेच, अक्षर न् अक्षर, जुळावे लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचे नाव एक आणि आधारवर दुसरे, हे आपल्याकडे नवे नाही. शिवाय पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाच्या आधारमधले बोटांचे ठसे आणि छायाचित्र नव्याने द्यावे लागते. मुलगा नेमका याच वयात असतो.

पैसे थेट बँकेत येतात, आणि ते आधारशी जोडलेल्या खात्यात. इथे एक खोच आहे. एका आधारला थेट रकमेसाठी एकाच वेळी एकच खाते जोडलेले राहते, आणि शेवटी जोडले ते खरे. पहिलीत असताना आईने याचे मुंबईत एक खाते उघडले होते. गावच्या बँकेत नवे खाते काढले तरी आधारची जोडणी जुन्यालाच राहिली असती. सरांनी ‘माय आधार’ संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते पाहायला सांगितले म्हणून वेळीच कळले.

अर्ज आधी शाळा तपासते, मग जिल्हा. दोन्हीकडून पुढे गेला की खात्यात १२,००० जमा होतात. पुढच्या वर्षी नूतनीकरण. नववीतून दहावीत पहिल्या झटक्यात पास व्हावे लागते. अकरावी-बारावीचे पैसे मिळायला दहावीत ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५५.

वडिलांना आता वाटते आहे की दहावीला पोराला वाशीला आणावे. आणायला हरकत नाही, पण शाळा अनुदानित किंवा महापालिकेची असली तरच शिष्यवृत्ती टिकेल. विनाअनुदानित शाळेत घातले की राहिलेल्या वर्षांची रक्कम गेली. प्रवेश घेण्याआधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना हा एकच प्रश्न विचारायचा: शाळा अनुदानावर आहे का?

तेव्हा यंदा गणपतीला गावी जाणार असाल आणि घरात सातवी-आठवीतले लेकरू आजी-आजोबांपाशी असेल, तर पिशवीत पेढ्यांबरोबर स्वतःचे आधार, दोन फोटो आणि मिळकतीचा जो काही पुरावा असेल तो घ्या. आरतीच्या दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात जाऊन दाखल्याचा अर्ज स्वतःच्या नावाने करून या, आणि सातवीची पुस्तके रद्दीत घालू नका.